कातड्यांच्या शेजारचा गूळ

मीठ चोळून रचून ठेवलेल्या कच्च्या कातड्यांचा वास आधी घशात उतरतो आणि मग नाकाला कळतो. हे ज्ञान मला ज्या दिवशी झालं, त्या दिवशी माझ्या कानात हिन्याच्या अत्तराचा फाया होता, अंगावर दंडाला घट्ट बसणारी नवी चोळी होती, आणि डोक्यात सहा इयत्ता उर्दू शिकल्याची हवा होती. आजची मी तिथं असते तर त्या पोरीला गोदामाच्या दारातच अडवलं असतं आणि म्हटलं असतं, "बये, तोंड मिटून आत जा. आज तुझ्या तोंडाला दोन कामं पडणार आहेत आणि दोन्ही तुला जमायची नाहीत."

तेव्हा औरंगाबादेत निजामाचं राज्य होतं. कचेरीची भाषा उर्दू, पावत्या उर्दू, महिनेसुद्धा सरकारी, फसली. घरात आमचे चैत्र-वैशाख आणि दाराबाहेर पडलं की तीर, अमर्दाद, शहरेवर. माझे यजमान परभणीला कारकून होते, सणावाराला यायचे. घरी आम्ही दोघीच, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणं आत्याबाई म्हणायची. सासरे गेल्यावर शहागंजातलं गूळ-शेंगदाण्याचं दुकान त्याच चालवायच्या. मी आत पोती शिवायची, आणि उर्दू कागद आला की बाहेर येऊन, पदर सावरून, गरजेपेक्षा मोठ्यानं वाचून दाखवायची. शेजारच्या चार दुकानांना ऐकू गेलं पाहिजे, एवढीच माझी काळजी.

त्या साली धोंड्याचा महिना होता, ज्येष्ठ दोनदा. आत्याबाईंनी फाल्गुनातच हिशेब मांडला. धोंड्यात घरोघर जावई जेवायला येणार, जावयाला अनारशांचं वाण द्यायचं, अनारशाला गूळ लागणार. म्हणजे गूळ उडणार. त्यांनी दुकानातला पैसा घातला, तो पुरेना म्हणून माझ्या पाटल्या सोनाराकडं गहाण ठेवल्या, आणि पैठणकडच्या गंगेकाठच्या गुऱ्हाळांवरून तीन गाड्या भरून गुळाच्या भेल्या आणवल्या. दुकानात एवढा माल मावणार कुठं? तो स्टेशनाजवळच्या एका शेठच्या गोदामात भाड्यानं ठेवला.

गावातल्या प्रत्येक गूळवाल्यानं नेमका हाच हिशेब मांडला होता. धोंड्यात लग्नं लागत नाहीत, म्हणजे लग्नाच्या पंगतींचा गूळ खपला नाही. राहिले जावई. आता एक जावई किती अनारसे खाणार? धोंड्याचा महिना सरला, खरा ज्येष्ठ लागला, आभाळ भरून आलं, आणि आमच्या अर्ध्याहून जास्त भेल्या गोदामात तशाच. आता गिऱ्हाईक येणार ते नागपंचमीला. तोवर माल आहे तिथंच राहू द्या, असं शेठला सांगायचं आणि वाढीव दिवसांचं भाडं काय बसेल ते पक्कं करून घ्यायचं, यासाठी आम्ही दोघी टांग्यात बसलो. पावसात तो गूळ बाहेर काढला असता तर शहागंजापर्यंत काकवी झाली असती, आणि त्या काकवीबरोबर माझ्या पाटल्याही वाहून गेल्या असत्या.

"मी बोलते," मी टांग्यात म्हणाले. "मुन्शी लोकांशी अदबीनं बोलावं लागतं."

"बोल की," आत्याबाई म्हणाल्या. "फक्त मालाबद्दल कायबी बोलायचं नाय. भाड्याबद्दल बोल."

मी मान हलवली. कान मात्र अत्तराच्या फायामुळं बंद असावेत.

गोदाम दगडी, वर पत्रे. बाहेर ओटा, ओट्यावर वजनाचा मोठा काटा आणि शेजारी मुन्शीजींची बैठक. मुन्शीजी पान खायचे. त्यांची पिंकदाणी गेल्या ज्येष्ठात रिकामी केली असावी. तिच्या काठावर माशी बसली होती आणि उडायचं तिच्या जिवावर आलं होतं. मी नाकाला पदर लावून, शाळेतल्या नाटकात बेगम झाले होते त्या सुरात सुरुवात केली, "जनाब, हमारी एक अदना सी गुज़ारिश है..."

मुन्शीजींनी पान गालात सारलं आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "गूळ न्यायला आलात का? लई उशीर केला बाई तुम्ही."

ते पैठणचे निघाले. माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलायचे. पण मी ऐकते कुठं! पुढं पाव घटका मी त्यांना उर्दूतच विनंत्या केल्या आणि ते मराठीत उत्तरं देत राहिले. काट्याजवळचे हमाल तोंडावर हात ठेवून हसत होते. तो हात आपल्या अदबीपुढं ठेवलाय असं मला वाटलं.

त्या उत्तरांतून निघालं ते असं. आत्याबाईंनी माल ठेवताना तोंडी सांगितलं होतं, "ज्येष्ठ सरंपर्यंत." त्यांच्या मनात खरा ज्येष्ठ. धोंड्याला कोण महिना धरतो? त्यात मुंज नाही, लग्न नाही, काही नाही. मुन्शीजींनी मात्र पंचांगात जो पहिला ज्येष्ठ दिसला तो धरला आणि सरकारी महिन्यात बसवून पावतीवर लिहिलं, तीर अखेर. ती पावती मीच मोठ्यानं वाचली होती, शेजारच्या चार दुकानांना ऐकू जाईल अशी. तीर म्हणजे आपला कोणता, हे ना मी सांगितलं ना आत्याबाईंनी विचारलं. आता अमर्दाद निम्म्याच्या पुढं गेला होता. म्हणजे आमची मुदत कधीच संपलेली, आणि आम्ही मात्र मुदतीच्या आत आलो म्हणून ऐटीत.

"मुदतीच्या आत सांगितलं असतं तर चालू दरानंच वाढवून दिलं असतं," मुन्शीजी म्हणाले. "भेल्यांच्या शेकड्यावर महिन्याचं भाडं, निम्मा महिना लागला की निम्म्याचं. पण मुदत गेल्यावर न सांगता राहिलेल्या मालाला रोजभाडं. दर भेलीमागं, दर दिवसाला. आणि ते चुकतं केल्याशिवाय एक भेली दाराबाहेर जात नाय."

रोजभाड्याचा आकडा त्यांनी सांगितला. आत्याबाईंनी तो ऐकला आणि पाटल्यांवाचून मोकळ्या माझ्या मनगटांकडं पाहिलं. मला वाटलं, नवी चोळी बघत असतील.

"आधी माल बघू," त्या म्हणाल्या.

आत गेलो. अंधार, वर तापलेला पत्रा, खाली ओल. आमच्या भेल्यांची थप्पी डाव्या भिंतीला होती. तरट गुळाच्या पाझरानं चिकट झालेलं, त्यावर मुंगळ्यांची रांग, खालच्या फळीवर उंदराच्या लेंड्या. इथपर्यंत मी तोंड वाकडं करून सोसलं. गूळ म्हटला की मुंगळा आलाच. पण दोन पावलं पुढं गेले आणि तो वास घशात उतरला.

थप्पीला जवळजवळ टेकून कातडी रचली होती. मीठ लावलेली, दुमडलेली, माणसाच्या छातीएवढ्या उंचीपर्यंत. मद्रासला जायची होती, मालगाडीचे डबे मिळेनात म्हणून पडून होती. खालून पिवळट पाणी झिरपून आमच्या फळीपर्यंत आलं होतं. माशा त्या पाण्यावरून उठून थेट आमच्या गुळावर बसत होत्या, आणि गुळावरून परत तिकडं. ह्याच गुळाचं नागपंचमीचं पुरण व्हायचं होतं. देवापुढं जायचं होतं. लोकांच्या लेकरांच्या तोंडात जायचं होतं. माझ्या पोटातलं सकाळचं सगळं गळ्याशी आलं.

आणि मग ती सहा इयत्ता शिकलेली बाई, जिला मालाबद्दल एक अक्षर बोलायचं नव्हतं, ती ओट्यावर धावत आली आणि फर्ड्या उर्दूत ओरडली, "या अल्ला! सारा गुड़ चमड़े की बदबू से सड़ गया! ये इन्सानों के खाने लायक़ नहीं रहा!"

अल्ला कुठून आठवला कोण जाणे! आमच्या घरात विठोबा होता.

त्या वेळी काट्याजवळ दोन माणसं मका तोलून घेत होती. सिल्लोडचे किराणा व्यापारी, दरवर्षी पंचमीआधी गूळ नेणारे. आमच्याकडूनही नेणारे. त्यांच्या हातातला मका हातातच राहिला. हमालांचं हसू थांबलं. आत्याबाई आतून चालत आल्या आणि त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की उलटी जिथं होती तिथून परत खाली गेली.

ओरडा ऐकून शेठ आतल्या खोलीतून बाहेर आले. जाडजूड, पांढरी दाढी, बोलणं दख्खनी. "क्या हुआ मौसी? कायकू गडबड?"

मुन्शीजींनी कानात सांगितलं. शेठनी एकदा सिल्लोडच्या व्यापाऱ्यांकडं पाहिलं, एकदा कातड्यांकडं. मग आवाज एकदम मऊ झाला. "देखो मौसी, बास लगी होगी तो हम मानते. रोज़ाना किराया पूरा माफ़. पुराना भी नक्को. माल उठा लेव, बात ख़तम."

मी मनात उडी मारली. बघा, एका वाक्यात सगळं भाडं माफ! आत्याबाईंना कधी जमलं असतं का? मी त्यांच्याकडं विजयानं पाहिलं.

आत्याबाई हसल्या. इतकं गोड हसताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"माफ कशापायी शेठ?" त्या म्हणाल्या. "वास कुठाय? पोरीला दिवस गेल्यात. तिला फुलाचाबी वास सोसंना."

मला दिवस गेले नव्हते. यजमान संक्रांतीनंतर आलेच नव्हते! मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मला, थोडं उशिरा का होईना, कळलं. भाडं माफ करून घेतलं म्हणजे गूळ बाटला हे आम्हीच कबूल केलं. मग तो फुकट परत मिळाला तरी शहागंजात त्याला हात लावणार कोण? आणि सिल्लोडचे दोघं कान टवकारून उभेच होते.

त्यातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "मावशे, खरंच वास न्हाय?"

"सुनबाई," आत्याबाई म्हणाल्या, "जा, एक भेली फोडून आण. कडेची आण. आन् पाव्हण्यांना खाऊन दाखव."

कडेची म्हणजे कातड्यांना टेकलेली. मधली आणली असती तर सिल्लोडकरांनीच म्हटलं असतं, मधलीच का आणली. मी आत गेले, श्वास रोखून भेली उचलली. तिच्या तरटाची एक बाजू ओलसर होती, कशानं ते मी स्वतःला विचारलं नाही. ओट्यावर आणून फोडली. आतून पिवळाधमक, रवाळ गूळ. दिसायला सोनं! आत्याबाईंनी त्यातला चांगला लिंबाएवढा खडा माझ्या हातावर ठेवला.

खाल्ला मी. आजही सांगताना जीभ आत ओढली जाते. आधी गोड. मग मीठ. मग ते जे काय होतं ते, जनावराच्या अंगाचं, ओलं, जुनं. माझे डोळे भरून आले.

"कसा हाय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"लई गोड," मी म्हणाले. सहा इयत्तांत शिकलेले सगळे शब्द पळाले होते, दोनच उरले.

"रडती कशापायी मग?"

"माहेरचा आठवला," आत्याबाई म्हणाल्या. "ह्यांच्यात असाच करत्यात."

सिल्लोडकरांचं समाधान होईना. त्यांनी शेठकडं पाहिलं. आता शेठची पंचाईत. खाण्याच्या मालाला लावून कातडी रचली, ही गोष्ट मोंढ्यात, धान्यबाजारात, फुटली असती तर गोदामात उद्यापासून एक पोतं आलं नसतं. शेठनी हात पुढं केला. "लाव इधर."

त्यांनीही खाल्ला. मी त्यांच्याकडं बघत होते, ते माझ्याकडं. पांढऱ्या दाढीत त्यांचा जबडा फिरत होता, थांबत होता, पुन्हा फिरत होता. जगात त्या क्षणी त्या चवीचं दुःख कळणारी आम्ही दोनच माणसं होतो. "वाह," शेठ म्हणाले, आणि मुन्शीजींच्या पिंकदाणीकडं इतक्या आशेनं पाहिलं की मला त्यांची दया आली. पण थुंकता कसं येणार? गिळला त्यांनी. मीही गिळला.

"आत्याबाई, तुम्ही पण घ्या ना," मी म्हणाले. एवढी तरी खोडी मी केली.

"मला उपास," त्या म्हणाल्या.

मग भाड्याची बोलणी झाली, आणि ती अशी झाली की जणू काही घडलंच नव्हतं. शेठ आता भाडं माफ करायला तयार, आणि आत्याबाई भाडं द्यायला हटून बसलेल्या. असला सौदा त्या ओट्यानं पाहिला नसावा.

"भाडं मी देणार," आत्याबाई म्हणाल्या. "माल तुमच्या जागेत हाय, जागेचं भाडं पडंल. पण रोजभाडं नाय. मी ज्येष्ठ म्हणले, ज्येष्ठ आजून सरला नाय. धोंड्याचा ज्येष्ठ तुमच्या मुन्शीनं धरला."

"हौ, पर धोंडा भी तो महीनाच है, मौसी," शेठ म्हणाले.

"म्हणून तर त्याचंबी भाडं देते. चालू दरानं. दंड कशाला?"

मुन्शीजी म्हणाले, कायदा कायदा असतो, मुदत गेली ती गेली. शेठनी त्यांना हातानं गप्प केलं. तोंडात अजून चव असावी. ठरलं असं, की तीर अखेरपासून आजवरचे दिवस चालू दरानं धरायचे, आणि पुढं नागपंचमीपर्यंत त्याच दरानं मुदत वाढवायची.

इथं मात्र मी तोंड उघडलं, आणि खरं सांगते, मराठीत उघडलं. "मुन्शीजी, पंचमीचा दिवस मुदतीत धरला की बाहेर?"

"आत."

"आणि सरकारी तारीख कोणती पडते? तीच लिहा. शेजारी पंचमीही लिहा. ह्या वेळी मी मोठ्यानं वाचणार नाही, नीट वाचणार."

त्यांनी पंचांग काढून तारीख लावली. शहरेवर सरल्यानंतरची.

"शेवटचा दिवस जुम्मा पडला आणि गोदाम बंद असलं तर?"

"दुसऱ्या दिवशी उचला. त्या दिवसाचं लागणार नाय."

"मधून थोडा थोडा माल उचलला तर?"

"उचलाल तेवढ्याचं भाडं लागलेल्या पंधरवड्यापर्यंत चुकतं करायचं. पुढच्या पंधरवड्यापासून उरलेल्या मालावरच लागंल."

"थप्पी हलवायची हमाली कुणाची?"

मुन्शीजी थबकले. "कशाला हलवायची?"

मी शेठकडं पाहिलं. शेठनी माझ्याकडं पाहिलं. "हमारी," ते म्हणाले. "थप्पी हम हलाते. आजच. वो कोने में, खिड़की के पास." कातड्यांचं नाव दोघांपैकी कुणीच घेतलं नाही. भिंत मध्ये येईल अशा दुसऱ्या खोलीत ती कातडी गेली, हे मला पुढच्या खेपेला दिसलं. कातडीवाल्याला शेठनी काय कारण सांगितलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक.

सिल्लोडचा म्हातारा जाताना म्हणाला, "मावशे, पंचमीआधी आठ दिवस येतो. पर मधल्या भेल्या दे."

त्याला सगळं कळलं होतं. म्हाताऱ्यांना असलं कळतंच. आता मीही म्हातारी झाले म्हणून सांगते.

टांगा स्टेशनापासून थोडा पुढं आला तसा मी टांगेवाल्याला थांबवायला सांगितलं आणि रस्त्याकडेच्या गटारावर वाकले. आत्याबाई माझी पाठ चोळत होत्या. नवी चोळी, हिन्याचा फाया, सगळ्याचं व्हायचं ते झालं. टांगेवाला तोंड फिरवून घोड्याशी बोलत होता.

"आज कसला उपास हो तुमचा?" मी तोंड पुसत विचारलं. "आज तर काहीच नाही. आणि उपासाला गूळ चालतो."

"चालतो," त्या म्हणाल्या. "पण घाण वास येतो गं त्याला."

कडेच्या भेल्या आम्ही खायला विकल्या नाहीत. एवढं तरी बरं म्हणायचं. वरून खरवडून त्या हुक्क्याचा तंबाखू मळणाऱ्याला दिल्या, त्याला असला गूळ चालतो, धुरात काय कळतं! मधल्या भेल्या पंचमीला खपल्या, म्हातारा बोलल्याप्रमाणं आला आणि भावात घासाघीस करून गेला. त्या पंचमीला शेजारणीनं कौतुकानं आमच्याच दुकानाच्या गुळाचं पुरण घातलेली दिंडं आणून दिली. आत्याबाईंनी ती घरातल्या गाईला घातली. गाईनं खाल्ली. मी गाईचं तोंड बारकाईनं पाहत बसले होते. तिला काही कळलं नाही असं दिसलं, पण गाय कुठं बोलते!

पाटल्या श्रावण सरायच्या आत सोडवून आणल्या. आत्याबाईंनी त्या माझ्या हातात घातल्या आणि मी त्यांच्यासमोरच मनगट नाकाशी नेलं.

"काय करती?"

"बघते, वास येतो का."

"सोन्याला वास येत नाय, मास्तरीणबाई."

येत होता. थोडासा. कातड्यांचा, मिठाचा, आणि गोड. त्या म्हणाल्या सोनाराच्या पेटीचा असेल. असेलही. मी त्या चिंचेनं घासल्या, राखेनं घासल्या, पुन्हा घातल्या. पुढं वर्षानुवर्षं हातात घालून स्वयंपाक केला, लेकरं न्हाऊ घातली. पण पुरण घाटायचं असलं की आजही आधी पाटल्या काढून ठेवते, आणि नातसुना विचारतात तेव्हा सांगते की पुरण चिकटतं म्हणून.